बोर्डाला पत्र धाडलं, पण तो अर्ज नव्हे

"वकीलकाका, मी देवगड तालुक्यातला, यंदा बारावी सायन्स झालो. फिजिक्सच्या थिअरीत 70 पैकी 55 तरी अपेक्षित होते, मिळाले 26. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीच्या विभागीय मंडळाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, की माझी उत्तरपत्रिका पुन्हा तपासा. आठवडा झाला, उत्तर नाही. उत्तर आलं नाही तर कोर्टात जाता येईल का?"

बाळा, पोस्टाची पावती जपून ठेव, पण त्या पत्राच्या उत्तराची वाट बघत बसू नको. मंडळाच्या लेखी तो अर्जच नाही. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर, ठरलेली फी भरून, मुदतीत करायचा असतो. 2025 च्या बारावीच्या निकालानंतर ही मुदत 6 ते 20 मे होती, म्हणजे जेमतेम पंधरवडा. तुझा आठवडा पत्रात गेलाय. कॉलेजात जाऊन यंदाची शेवटची तारीख आजच बघ.

एवढ्या तातडीचं कारण कायद्यात आहे. उत्तरपत्रिका पुन्हा तपासून मिळणं हा विद्यार्थ्याचा उपजत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली आपल्याच राज्य मंडळाच्या खटल्यात सांगितलं. नियम देत असेल तेवढंच मिळतं. आज नियम पुनर्मूल्यांकन देतो, पण ते त्याच्या पायऱ्यांनी आणि त्याच्या मुदतीत. म्हणून मुदत हुकली की "मी पत्र लिहिलं होतं" याला कोर्टात फारसं वजन उरत नाही. माझ्याकडे एक आई अशीच पत्राची पोच घेऊन आली होती, मुदत संपल्यावर. तिच्या मुलीच्या पेपरात खरंच चूक होती की नाही, हा प्रश्न शेवटपर्यंत कुणी उघडलाच नाही. ते मला अजून लागतं.

गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांतही गल्लत करू नको. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का एवढंच बघतात. उत्तराला किती गुण द्यायला हवे होते याला कुणी हात लावत नाही. तुझी तक्रार पुनर्मूल्यांकनाची दिसते, आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते. अलीकडच्या वर्षांत विषयामागे छायाप्रतीला 400 आणि पुनर्मूल्यांकनाला 300 रुपये पडतात. छायाप्रत मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करायचा.

छायाप्रत आली की आधी पुरवण्या मोज. तू जोडलेली पुरवणी प्रतीत आहे का? मग आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानावरच्या तक्त्याशी ताडून बघ. 29 गुणांचा फरक एका गणितात पडत नाही. बहुतेक वेळा पानंच्या पानं न तपासलेली असतात, किंवा गुण तक्त्यात चढवायचे राहतात, किंवा मग आपला अंदाज चुकलेला असतो. तिसरी शक्यताही मनात ठेव.

त्यानंतर प्रत घेऊन फिजिक्सच्या सरांकडे बस आणि उत्तरागणिक लिहून काढ. "मी अभ्यास खूप केला होता" हे वाक्य त्यात नको. समज, तीन गुणांच्या गणितात रोध 30 ओहम, इंडक्टरचा रिअॅक्टन्स 80 आणि कपॅसिटरचा 40 ओहम, दाब 220 व्होल्ट दिला होता. तू सूत्र लिहिलंस, इम्पिडन्स 50 ओहम बरोबर काढलास, पण शेवटी 4.4 अँपिअरऐवजी 4.2 लिहिलंस आणि शून्य मिळालं. तर असं लिही:

"पान 9, इम्पिडन्सचं गणित: सूत्र, किमती घालणे आणि इम्पिडन्स 50 ओहम या पायऱ्या बरोबर आहेत. चूक फक्त शेवटच्या भागाकारात आहे. पायऱ्यांचे गुण दिलेले नाहीत, ते द्यावेत."

अशी नेमकी हरकत तपासणाऱ्याला सहज टाळता येत नाही. गुण वाढतात तसे कमीही होऊ शकतात. अर्जातली त्याबद्दलची अट वाचूनच सही कर.

मुदत संपलीच असेल, तर माहिती अधिकारात स्वतःची उत्तरपत्रिका मागता येते. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केलाय. तपासणाऱ्याचं नाव मात्र मिळत नाही. आणि उत्तराला तीस दिवस लागू शकतात, शिवाय त्याने पुनर्मूल्यांकनाचं दार पुन्हा उघडत नाही.

कोर्टाचं म्हणशील, तर ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गासाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आहे, मुंबई गाठायला नको. तू अठराचा नसशील तर याचिका आई किंवा बाबांमार्फत करावी लागेल. पण न्यायाधीश तुझं गणित स्वतः तपासणार नाहीत. पुरवणी गहाळ, पान कोरं सोडलेलं, बेरीज चुकलेली, असं कागदावर उघड दिसणारं काही हवं, आणि ते दाखवायलाही छायाप्रतच लागते. प्रत मिळाली की कळव, पहिलं पान आणि तुझ्या पुरवण्यांचा आकडा सोबत पाठव.