सहाव्या-सातव्या आठवड्यात ब्लीडिंग आणि सोनोग्राफीत ठोके नाहीत

प्रश्न: सातवा आठवडा चालू आहे, कालपासून थोडं ब्लीडिंग होतंय आणि ओटीपोटात पाळीसारखं हलकं दुखतंय. सोनोग्राफीत सॅक दिसली पण ठोके नाही दिसले. मिसकॅरेज झालं का? बेडरेस्ट घेऊ का?

उत्तर:

एका सोनोग्राफीवरून हो किंवा नाही कुणी सांगत असेल तर आधी रिपोर्टमधला सीआरएलचा आकडा बघा. गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी असते ती, मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. तुम्ही तो आकडा लिहिलेला नाही आणि सगळं त्याच्यावर आहे.

माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी सेम हेच झालं होतं. आधी कॉफीसारखे डाग, मग संध्याकाळी लाल, आणि पोटात बारीक कळा. पाळीच्या तारखेने सात आठवडे उलटून गेले होते. सिंहगड रोडच्या एका सेंटरला आतून सोनोग्राफी केली, तर सॅक गर्भाशयात नीट, योक सॅक दिसतेय, गर्भ अडीच मिमी, ठोके नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघतच सांगितलं की सात आठवड्यांना ठोके यायलाच हवेत, ही प्रेग्नन्सी काही टिकत नाही, गोळ्या घ्या नाहीतर उद्या येऊन पिशवी साफ करून घ्या. उद्या! मला माझी पाळी किती दिवसांनी येते हे एका शब्दाने विचारलं नाही.

आमच्या ओळखीच्या कोथरूडच्या एका वयस्कर गायनॅक बाई होत्या, त्यांच्याकडे तो रिपोर्ट घेऊन गेलो. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, अगं तुझी पाळी किती दिवसांची? माझी अडतीस दिवसांची, कायमच. मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. आठवडे मोजतात ते पाळी अठ्ठावीस दिवसांची धरून, म्हणजे स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं असं समजून. माझं सुटत असणार चोविसाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे गर्भ तारखेपेक्षा दहा दिवसांनी लहान. सात आठवड्यांतून दहा दिवस काढले की साडेपाच-पावणेसहा आठवडे उरतात, आणि त्या वयाला अडीच मिमीचा गर्भ बरोबर बसतो. ठोके आतून केलेल्या सोनोग्राफीत साधारण सहा आठवडे पूर्ण होताना दिसायला लागतात, त्यामुळे तेव्हा न दिसणं यात नवल काहीच नव्हतं.

आणि नियम काय आहे ते ऐका, कारण हे आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ ७ मिमी किंवा जास्त असेल आणि ठोके नसतील तरच ती प्रेग्नन्सी थांबली असं म्हणतात. तसंच सॅकचं सरासरी माप २५ मिमी किंवा जास्त आणि आत गर्भच नाही, तरी तेच. त्याच्या खाली असेल तर निकाल लावायचा नाही, थांबून परत बघायचं. किती थांबायचं ते पहिल्यांदा काय दिसलं त्यावर, कमीत कमी आठवडाभर, नुसती रिकामी सॅक असेल तर दोन आठवडे. हे आकडे मुद्दाम थोडे वरचे ठेवलेत, कारण मोजण्यात एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतातच आणि चुकून जिवंत गर्भ काढला जाऊ नये. दुसऱ्याच दिवशी घाबरून परत सोनोग्राफी करण्यात अर्थ नाही, या काळात गर्भ दिवसाला जेमतेम एक मिमी वाढतो, एका दिवसात फरक काय दिसणार. पोटावरून केली असेल तर त्या ठोके-नाहीत ला फारसा अर्थ नाही, इतक्या लवकर आतूनच करावी लागते, आणि ब्लीडिंग चालू असताना आतून केल्याने बाळाला काही होत नाही.

बाईंनी आतून तपासलं, पिशवीचं तोंड बंद होतं. तोंड बंद, सॅक जागेवर, ब्लीडिंग थोडं, याला थ्रेटन्ड मिसकॅरेज म्हणतात, म्हणजे धोका आहे पण गर्भ टिकू शकतो. दहा दिवसांनी परत सोनोग्राफी केली तर गर्भ दहा मिमी आणि ठोके मिनिटाला १३८. सॅकच्या कडेला थोडं रक्त साठलेलं दिसलं, ब्लीडिंग तिथूनच होत होतं, पुढे ते आपोआप विरून गेलं.

पण हाच नियम उलटाही लागतो. माझ्या चुलत बहिणीला गर्भ नऊ मिमी होता आणि ठोके नव्हते, तिथे दुसऱ्या डॉक्टरांनी बघून खात्री केली आणि झालं, तिला आशेवर आठवडाभर टांगून ठेवलं नाही.

आता बेडरेस्ट. आमच्या सासूबाईंची बहीण, मावशी, त्या पेठेतून खास मला भेटायला आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, धायरीवरून रोज अ‍ॅक्टिव्हावर जाते, स्पीडब्रेकर आपटतात, दुसरं काय होणार. त्यानंतर पपई निघाली, मग ऑफिस निघालं. मला उशीवर पाय ठेवून झोपवायचं ठरलं. बाईंनी स्पष्ट सांगितलं की झोपून राहिल्याने गर्भ टिकतो असं कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये क्रोमोझोमचाच दोष असतो, तो गर्भधारणा होतानाच ठरलेला असतो, आणि ठोके बऱ्याचदा ब्लीडिंगच्या आधीच थांबलेले असतात. मग गाडीचा संबंध कुठे येतो? मावशींना हे मी तेव्हाही सांगितलं, त्या आजही बारशाला भेटल्या की पोरीकडे बघून म्हणतात नशीब, वाचली. नशीब नाही मावशी, कुणीतरी पाळी किती दिवसांची ते विचारलं म्हणून वाचली. घरात कुणी तुम्हाला असं बोलत असेल तर ऐकून घेऊ नका, नवऱ्याला बोलायला लावा. दमलात तर पडा, जड उचलू नका, ब्लीडिंग असेपर्यंत संबंध नकोत असं डॉक्टर सहसा सांगतात, बाकी घरात वावरा.

प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या बहुतेक सगळ्यांना लिहून देतात. २०१९ मध्ये ब्रिटनमधला चार हजारांवर बायकांचा एक मोठा अभ्यास आला, प्रिझम नावाचा. त्यात आधी मिसकॅरेज झालेलं आणि आता ब्लीडिंग होतंय अशांना योनीत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनचा थोडा फायदा दिसला, तीन किंवा जास्त झालेल्यांना जास्त. आधी एकही झालेलं नसेल तर फरक दिसला नाही. तुमचं हे पहिलंच असेल तर गोळ्या कशासाठी हे विचारा, दिल्या तर घ्या, स्वतःहून आणू नका.

हे सगळं सॅक गर्भाशयात दिसली असेल तर. तुम्ही लिहिलंय सॅक दिसली, पण कुठे ते लिहिलेलं नाही, रिपोर्टमध्ये इंट्रायुटेराइन लिहिलंय का ते बघा. आत काहीच दिसलं नसेल तर गर्भ नळीत असू शकतो, तिथे वाट बघत घरी बसायचं नाही, दोन दिवसांच्या अंतराने बीटा एचसीजी ही रक्ताची तपासणी करून डॉक्टर ठरवतात. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, अँटी-डीचं इंजेक्शन लागतं का ते त्या बघतील. आणि तासाला एक-दोन पॅड भिजायला लागले, एका बाजूला जोरात दुखायला लागलं, खांद्यात दुखलं, चक्कर आली किंवा ताप आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला जा, सकाळची अपॉइंटमेंट धरून बसू नका.