९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के नव्हेत

सीईटीचा निकाल हातात आला की आधी टक्के विसर. समज, तुझ्या सत्रात २०,००० मुलं बसली आणि त्यातल्या १९,००० जणांना तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी गुण पडले, तर तुझे ९५ पर्सेंटाइल. मग २०० पैकी गुण ११०, म्हणजे ५५ टक्केच का असेनात! टक्के पेपरशी मोजतात, पर्सेंटाइल बाकीच्या मुलांशी.

कटऑफही कॉलेज आधी ठरवत नाही. त्या शाखेत, त्या प्रवर्गातून शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचे पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. म्हणून गेल्या वर्षीचा आकडा फक्त अंदाजापुरता. आणि मेरिट लिस्टमध्ये नाव दिसलं म्हणून पेढे वाटू नकोस; तो नुसता क्रमांक असतो, जागा नव्हे.