तेलाचा रकाना

प्रिय,

तुझी कथा दोनदा वाचली. आजीची वही, नातीने आखलेला तक्ता आणि न जमणारी चकली, हे सगळं मला आवडलं. शेवट मात्र बदलायला हवा. हरवलेला जिन्नस ‘आजीची माया’ निघतो आणि तिथेच मुलीची सगळी मेहनत वाया जाते, कारण माया सापडायला तक्ता कशाला लागतो? जिन्नस खराच असू दे आणि तो तक्त्यातूनच सापडू दे.

मी काय केलं असतं, ते सांगतो. आजीच्या वहीत चकलीची भाजणी आहे: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, थोडे धने-जिरे. खाली तिखट, मीठ, ओवा, तीळ आणि शेवटी ‘तेल’. मुलगी प्रत्येक पदार्थाला एक ओळ आणि प्रत्येक जिनसाला एक रकाना देते. चकलीपुढे एकही रकाना रिकामा नाही. तरी चकली दातांना लागते, इतकी कडक. इथे थांब, घाई करू नकोस. तिला आधी पाणी कमी-जास्त करू दे, आच मंद करू दे. चकली आतून मऊ राहिली, तर आच मोठी होती असं म्हणता येतं. पण नीट तळूनही ती कडकच असेल, तर बोट मोहनाकडे, म्हणजे पिठात कालवायच्या गरम तेला-तुपाकडे जातं.

मग ती शेजारच्या ओळी वाचते. कडबोळ्यांपुढे आजीने ‘मोहन’ लिहिलंय, शंकरपाळ्यांपुढे ‘तुपाचं मोहन’. चकलीपुढे नुसतं ‘तेल’. म्हणजे तिच्या तक्त्यातला एकच रकाना दोन कामं करत होता. ती त्याचे दोन करते, ‘मोहन’ आणि ‘तळण’, आणि चकलीच्या ओळीत पहिल्यांदा एक रिकामा चौकोन दिसतो. तुझी कथा त्या क्षणात आहे. तिथे तिने ‘नाही’ लिहू नये, प्रश्नचिन्ह ठेवावं. आजी घालतच नव्हती आणि आजीने लिहिलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजीने का लिहिलं नाही, तेही कथेत येऊ दे. तळणीसाठी कढई चुलीवर तापतच असायची. त्यातलंच डावभर कडकडीत तेल ती पिठावर ओतायची. तिच्या लेखी ते वेगळं तेल नव्हतंच.

प्रमाणासाठी मुलीला पुन्हा वहीकडे पाठवू नकोस, परातीकडे पाठव. चार वाट्या पिठाला पाव वाटी तेलाने सुरुवात करू दे. चमच्याने कालवून, जरा निवल्यावर हाताने चोळलं की पिठाची मूठ वळली पाहिजे. पहिल्या खेपेला तिच्या हातून तेल जास्त पडू दे. चकली कढईत सुटेल, तेलभर चुरा होईल आणि आपण योग्य रकान्यात आहोत हे तिला त्या चुऱ्यावरूनच कळेल.

नवा खर्डा दिवाळीआधी पाठव. चकली आधी स्वतः करून बघ.

तुझा,
काका