दुसऱ्याच्या पुस्तकातलं अवतरण : मूळ ग्रंथ कधी शोधायचा?

*एका पुस्तकात डार्विनचं वाक्य अवतरणचिन्हांत दिलंय. मला ते प्रबंधात घ्यायचंय. मूळ ग्रंथ बघावाच लागेल का?*

ते वाक्य तुम्ही कशासाठी घेताय, त्यावर अवलंबून आहे. त्या लेखकाने डार्विनचा वापर कसा केला हे दाखवायचं असेल, तर त्याचं पुस्तक हाच तुमचा मूळ स्रोत. पण ‘डार्विनचं मत असं होतं’ असं म्हणायचं असेल, तर डार्विनच उघडा.

डोळ्याविषयीचं प्रसिद्ध वाक्यच घ्या. डोळा नैसर्गिक निवडीतून घडला असेल हे मानणं अगदी हास्यास्पद वाटतं, अशी कबुली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या सहाव्या प्रकरणात खरोखरच आहे. अनेक जण ते वाक्य तिथेच तोडतात आणि डार्विनलाच स्वतःच्या सिद्धांताविषयी शंका होती, असा निष्कर्ष काढतात. मूळ पानावर मात्र पुढे लगेच उत्तर आहे : साध्या, अपूर्ण डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या दाखवता आल्या आणि प्रत्येक पायरी त्या जिवाला उपयोगी असली, तर ही अडचण खरी नाही. म्हणून उताऱ्यात ‘मी कबूल करतो’ छापाची भाषा दिसली, की पुढचा ‘पण’ शोधायला मूळ बघायचंच. मध्ये टिंबं असतील किंवा पान क्रमांक नसेल, तरीही तेच.

आवृत्तीही तपासा. डार्विनच्या हयातीत या ग्रंथाच्या सहा आवृत्त्या निघाल्या. या वाक्याच्या शेवटी १८५९च्या पहिल्या आवृत्तीत ‘हायेस्ट पॉसिबल डिग्री’ आहे, १८७२च्या सहाव्या आवृत्तीत नुसतं ‘हायेस्ट डिग्री’. संदर्भात १८५९ लिहिलंय आणि ‘पॉसिबल’ गायब, असं दिसलं तर त्या लेखकाने शब्द एका आवृत्तीतून आणि साल दुसरीकडून घेतलं असण्याची शक्यता मोठी. दोन्ही आवृत्त्या इंटरनेटवर फुकट वाचता येतात, त्यामुळे इथे सबब चालणार नाही.

मूळ ग्रंथ कुठेच मिळत नसेल, तुम्हाला न येणाऱ्या भाषेत असेल किंवा ते अप्रकाशित पत्र असेल, तर मधल्या लेखकाचा आधार घ्यायला हरकत नाही, फक्त तो उघड सांगा. एपीए पद्धतीत मजकुरात ‘(मूळ लेखक, साल, अमुक, साल, मध्ये उद्धृत)’ असं येतं आणि संदर्भसूचीत फक्त अमुकचं पुस्तक. शिकागो पद्धतीत तळटीपेत दोन्ही ग्रंथांचा तपशील देतात. न पाहिलेला ग्रंथ स्वतः वाचल्यासारखा सूचीत घालणं ही सर्रास होणारी लबाडी, आणि ती पकडली जाते ती बहुधा मधल्या पुस्तकातला चुकीचा पान क्रमांक तुमच्याकडे जसाच्या तसा उतरल्यामुळे.

अवतरणचिन्हांचं सोपं आहे. फक्त डार्विनचे शब्द घेतलेत तर नेहमीची दुहेरी चिन्हं पुरतात. मधल्या लेखकाचं वाक्य अवतरणासकट उचललंत, तर बाहेर दुहेरी आणि आत एकेरी.