छातीचा घेर आणि हार्नेसचे माप

“आमचा कारवान कुत्रा फटाका वाजला की हार्नेसमधून मागच्या मागे निसटतो. उंचीने तो लॅब्रॅडॉरपेक्षा मोठा, म्हणून एल माप घेतले. तेच आणखी आवळू, की दुसरे घेऊ?”

दुसरे घ्यावे, आणि टेपने मोजून घ्यावे. श्वान-वर्तनाचे समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा माप जातीच्या नावावरून किंवा वजनावरून घेतलेले असते.

या ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दोन भेटी भीतीवरच बोलत राहिले. तिसऱ्या भेटीत मी त्याला माझ्यासमोर मागे सरकू दिले. त्याने मान खाली घातली, कोपरे आत ओढली आणि छातीचा पट्टा खांद्यांवरून अलगद पुढे गेला. त्या क्षणी मला उमगले की भीती खरी होतीच, पण सुटकेची वाट हार्नेसनेच ठेवली होती.

“ताई, शिंप्याची टेप आहे का?”

त्याला सरळ उभे करून, पुढच्या पायांच्या कोपरांमागे तीन-चार बोटांवर, बरगड्यांच्या सर्वांत रुंद भागाभोवती टेप फिरवली. घेर ६८ सेंटिमीटर भरला. त्यांच्या हार्नेसवर मात्र ७५ ते ९५ छापलेले होते, त्यामुळे सगळे पट्टे शेवटपर्यंत आवळूनही तो सैलच राहत होता. त्याच कंपनीचे एम माप ६० ते ७६ होते. घेर मापाच्या मधोमध आला की दोन्हीकडे आवळायला आणि सोडायला जागा उरते. टोकावर आला तर ती उरत नाही, म्हणून घेर मधोमध येईल अशाच मापाचा मी नेहमी आग्रह धरते.

“पण शेजारच्या पगलाही एमच लागतो!” त्या चकित झाल्या. पग जेमतेम आठ किलोचा असला तरी त्याची छाती पिंपासारखी असते आणि घेर सहज ५०-५५ सेंटिमीटर भरतो. त्यामुळे एखाद्या कंपनीचे लहान माप त्याला बसत नाही. कंपनीगणिक आकडे बदलतात, म्हणून अक्षरापेक्षा सेंटिमीटर पाहावेत.

कारवान, मुधोळ किंवा ग्रेहाउंड यांची छाती खोल आणि कंबर बारीक असते. या कुत्र्याची कंबर ५० सेंटिमीटर होती, म्हणजे नेमक्या मापाचा हार्नेससुद्धा मागे सरकताना सुटू शकला असता. म्हणून बरगड्यांच्या मागे कंबरेभोवती तिसरा पट्टा असलेला एम त्यांनी घेतला. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटे आडवी जावीत, एवढाच तो आवळला. याहून घट्ट केल्यास काखेत केस झडून लाल चट्टा उठतो. पट्ट्यांचा सैलपणा बोटांनी दर आठवड्याला तपासावा.

बाहेर नेण्यापूर्वी घरातच त्याच्यासमोर उभे राहून दोरी हलकेच ओढायला मी सांगितले. तो मागे सरकला, मान खाली गेली, पण कंबरेचा पट्टा बरगड्यांपाशी अडला आणि तो थांबला. त्यानंतरच आम्ही फटाक्यांच्या भीतीवर काम सुरू केले.