कर्णावर ०.८ आले तर चूक कुठे शोधावी

प्रश्न: तीन शेअर्सच्या मासिक परताव्यांवरून कोव्हेरिअन्स आणि कोरिलेशन मॅट्रिक्स वहीवर कसा काढायचा? माझा कोरिलेशनचा आकडा एक्सेलशी जुळत नाही.

मी ठाण्यात नौपाड्यात वाणिज्य शाखेच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते आणि हे गणित दरवर्षी फळ्यावर पूर्ण सोडवते. त्यासाठी मी मुद्दाम सोपे आकडे घेतले आहेत. एका बँकेच्या शेअरचे पाच महिन्यांचे परतावे टक्क्यांत ४, −२, ३, १, −१ आहेत. आयटी कंपनीचे ६, −३, १, ४, २. आणि औषध कंपनीचे −१, ३, ०, −२, ०. सरासरी अनुक्रमे १, २ आणि ० येते. प्रत्येक परताव्यातून त्या त्या शेअरची सरासरी वजा करून विचलने एकाखाली एक मांडावीत:

```
बँक    ३  −३   २   ०  −२
आयटी   ४  −५  −१   २   ०
औषध   −१   ३   ०  −२   ०
```

प्रत्येक ओळीची बेरीज शून्य यायलाच हवी. ती आली नाही तर पुढे जाऊ नये. मॅट्रिक्समध्ये नऊ घरे असली तरी बँक-आयटी आणि आयटी-बँक हा एकच आकडा असल्यामुळे गुणाकारांच्या बेरजा सहाच कराव्या लागतात. बँक आणि आयटी यांची बेरीज १२ + १५ − २ + ० + ० = २५ येते. बँक-औषध −१२ आणि आयटी-औषध −२३ येते, तर स्वतःशीच गुणल्यावर २६, ४६ आणि १४ मिळतात. या सहाही बेरजांना महिन्यांच्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे ४ ने, भागले की कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स तयार होतो:

```
        बँक    आयटी    औषध
बँक    ६.५०    ६.२५   −३.००
आयटी   ६.२५   ११.५०   −५.७५
औषध   −३.००   −५.७५    ३.५०
```

इथे एक पडताळा मी कधीच चुकवत नाही. प्रत्येक महिन्याची तिन्ही विचलने एकत्र केली तर ६, −५, १, ०, −२ मिळतात. त्यांच्या वर्गांची बेरीज ६६, आणि तिला ४ ने भागले की १६.५. मॅट्रिक्समधील नऊही आकड्यांची बेरीज नेमकी एवढीच यावी लागते, आणि इथे ती येते. एखाद्या गुणाकाराचे चिन्ह चुकले असेल, तर ते बहुधा इथेच पकडले जाते.

कोरिलेशनसाठी भागाकार पुन्हा करण्याची गरज नसते, कारण वरचा आणि खालचा ४ एकमेकांना छेदून जातात. बँक-आयटी म्हणजे २५ भागिले २६ × ४६ चे वर्गमूळ, म्हणजे २५ ÷ ३४.५८ = ०.७२, त्याच रीतीने बँक-औषध −०.६३ आणि आयटी-औषध −०.९१ येते. कर्णावर तिन्ही ठिकाणी १ असतो.

तुमचा आकडा एक्सेलशी का जुळत नाही, याचे कारण बहुधा याच कर्णावर दिसेल. गेल्या वर्षी नेरुळहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला वही दाखवली, तेव्हा तिच्या कर्णावर तिन्ही ठिकाणी ०.८ होते आणि बँक-आयटी ०.५८ होते. तिने कोव्हेरिअन्ससाठी `COVAR` वापरले होते, जे ५ ने भागते, आणि प्रमाण विचलनासाठी `STDEV`, जे ४ ने भागून वर्गमूळ काढते. त्यामुळे प्रत्येक आकडा ४/५ पट झाला होता. एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिसमधला कोव्हेरिअन्सही महिन्यांच्या पूर्ण संख्येनेच भागतो. आपल्याला नमुन्याचा आकडा हवा असतो, म्हणून `COVARIANCE.S` वापरावे. कर्णावर १ येत असूनही उत्तर वेगळे असेल, तर मूळ किमती तपासाव्यात: एकास एक बोनस आलेल्या महिन्यात किंमत समायोजित केलेली नसेल, तर तिथे सुमारे उणे ५० टक्के परतावा दिसतो आणि तो एकच आकडा सारा मॅट्रिक्स ओढून नेतो.

आता दुसऱ्या महिन्याकडे नीट पाहा. त्या महिन्यात बँक आणि आयटी पडले आणि औषध वर गेले. तो महिना वगळून उरलेल्या चार महिन्यांच्या नव्या सरासऱ्यांनी हेच गणित केले, तर बँक-आयटी ०.७२ वरून ०.४२ वर येते, आयटी-औषध −०.६७ होते आणि बँक-औषध −०.६३ वरून थेट −०.१२ वर पोहोचते. म्हणजे बँक आणि औषध विरुद्ध दिशेने जातात हा निष्कर्ष जवळजवळ एका महिन्यावरच उभा होता. रीत समजण्यासाठी पाच महिने पुरतात, पण खऱ्या गुंतवणुकीचा निर्णय घ्यायचा असेल तर मी किमान ३६ महिन्यांचे, शक्य असल्यास ६० महिन्यांचे परतावे घेते, आणि तेव्हाही सर्वांत टोकाचा महिना काढून मॅट्रिक्स एकदा पुन्हा मांडून पाहते.