लॉगबुकातलं अ‍ॅव्हरेज आधी बाजूला ठेव

अरे, गाडीचं इंधन चोरीला जातंय का हे बघायचं असेल, तर लॉगबुकात ड्रायव्हरने लिहिलेल्या अ‍ॅव्हरेजवर जाऊ नकोस, ते जुळवलेलं असू शकतं. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब तू स्वतः मांड. आमच्या एका पिकअपचं मागच्या फुलला मीटर 48,200 होतं, पुढच्या फुलला 48,740. म्हणजे 540 किलोमीटर, आणि बिल 52 लिटरचं. गाडी एरवी लिटरला 13 देते, म्हणजे साडेएक्केचाळीस लिटर पुरायला हवं होतं. उरलेलं साडेदहा लिटर गेलं कुठे?

लगेच चोरी म्हणू नकोस. घाट, ओव्हरलोड, चालू ठेवलेलं इंजिन यांनीही अ‍ॅव्हरेज पडतं. पंपाच्या पावतीवरची वेळ जीपीएसशी ताडून बघ. आमची गाडी त्या वेळी गोदामातच उभी होती!